त्रिकोणी पत्र्याचं सरासरी तापमान: दुहेरी संकलन मांडताना कुठे चुकतं

धातूच्या त्रिकोणी पत्र्यावर तापमान जागोजागी वेगळं आहे आणि त्याची सरासरी हवी आहे. असा प्रश्न आला की बरेच जण तिन्ही कोपऱ्यांची तापमानं मिळवून तिनाने भागतात. काही जण दुहेरी संकलन, म्हणजे डबल इंटिग्रल, मांडतात खरे, पण सीमा चुकवतात. तिसरा गट सगळं बरोबर करतो आणि शेवटी क्षेत्रफळाने भागायचं विसरतो. सूत्र मात्र तिघांनाही पाठ असतं:

```
सरासरी = (1 / क्षेत्रफळ) × ∬ T(x, y) dA
```

अडतं ते सूत्राच्या आधीच्या आणि नंतरच्या कामात. म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

पत्र्याचे शिरोबिंदू O(0, 0), A(6, 0) आणि B(2, 4) आहेत, अंतरं सेंटिमीटरमध्ये. तापमान अंश सेल्सिअसमध्ये असं दिलंय:

```
T(x, y) = 40 + x² + 3y
```

हे फलन आकडेमोड स्वच्छ राहावी म्हणून निवडलंय. त्यातला x² मुद्दाम ठेवला आहे, कारण तो नसता तर संकलन करायची गरजच पडली नसती. ते का, हे पुढे येईल.

## १. आधी आकृती, मग बाजूंची समीकरणं

कागदावर त्रिकोण काढा. हाताने काढलेला, थोडा वाकडा असला तरी चालेल, पण शिरोबिंदू योग्य बाजूला हवेत. आकृतीशिवाय सीमा लिहिणाऱ्यांच्या वहीत हमखास दिसणारी ओळ म्हणजे «x 0 ते 6, y 0 ते 4». ही सीमा त्रिकोणाची नाही, त्याला बाहेरून वेढणाऱ्या आयताची आहे.

आता तिन्ही बाजूंची समीकरणं लिहा. OA ही बाजू क्ष-अक्षावरच आहे, म्हणून y = 0. OB ही आरंभबिंदूतून जाते आणि तिचा चढ 4/2 म्हणजे 2, म्हणून y = 2x. AB चा चढ (4 − 0)/(2 − 6) म्हणजे −1 आणि ती A मधून जाते, म्हणून y = 6 − x.

तपासणी: प्रत्येक समीकरणात त्या बाजूचे दोन्ही शिरोबिंदू घालून पाहा. AB साठी x = 6 ला y = 0 आणि x = 2 ला y = 4 येतं. एकच शिरोबिंदू तपासून पुढे जाऊ नका. चढाचं चिन्ह चुकलं असेल तर एक बिंदू जुळतो आणि दुसरा जुळत नाही.

## २. पट्ट्या आडव्या की उभ्या, हे ठरवा

दुहेरी संकलनात आपण त्रिकोणाचे अरुंद पट्ट्यांमध्ये तुकडे करतो. आतलं संकलन एका पट्टीच्या लांबीवरून जातं आणि बाहेरचं सगळ्या पट्ट्यांवरून. पट्टी कोणत्या दिशेला घ्यायची हे आपल्या हातात असतं, आणि कामाचा व्याप त्यावरच ठरतो.

उभी पट्टी घेतली तर ती खाली OA वर सुरू होते. पण वर कुठे संपते? x हा 2 पेक्षा कमी असेल तर OB वर, जास्त असेल तर AB वर. म्हणजे x = 2 पाशी त्रिकोण दोन भागांत तोडावा लागतो आणि दोन संकलनं करावी लागतात.

आडवी पट्टी कुठल्याही उंचीवर घेतली तरी डावीकडे OB ला आणि उजवीकडे AB ला टेकते. तोडायची गरज नाही. त्यामुळे आडवी पट्टी घेऊ. त्यासाठी बाजूंची समीकरणं x = … अशी उलटवून लिहावी लागतात: OB साठी x = y/2, AB साठी x = 6 − y.

```
∫ (y = 0 ते 4)  ∫ (x = y/2 ते 6 − y)  T dx dy
```

सावधान: बाहेरच्या सीमा नेहमी निव्वळ संख्या असतात. बाहेरच्या सीमेत x किंवा y दिसला तर क्रम उलटा झालाय, तिथेच थांबा. क्रम बदलायचा तर नुसतं dx dy चं dy dx करून भागत नाही. आकृतीकडे परत जाऊन सीमा नव्याने वाचाव्या लागतात.

## ३. तापमान बाजूला ठेवून क्षेत्रफळ काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. याच सीमा ठेवून T च्या जागी 1 घाला. आतलं संकलन म्हणजे पट्टीची लांबी:

```
(6 − y) − y/2 = 6 − 1.5y
```

ती 0 ते 4 संकलित केली की 24 − 12 = 12 येतं. शाळेतल्या सूत्राने, अर्धा गुणिले पाया गुणिले उंची, म्हणजे ½ × 6 × 4, तेही 12. दोन्ही जुळले, म्हणजे सीमा बरोबर असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. शेवटी ज्याने भागायचं तो छेदही आयता मिळाला.

आयताच्या चुकीच्या सीमा घेतल्या असत्या तर इथे 24 आलं असतं आणि चूक आत्ताच पकडली गेली असती. तापमान घालून मोठी आकडेमोड केल्यावर तीच चूक शोधणं फार कंटाळवाणं होतं.

क्षेत्रफळ ऋण आलं तर एखाद्या संकलनाची वरची आणि खालची सीमा अदलाबदल झाली आहे. निरपेक्ष किंमत घेऊन पुढे सरकू नका. तापमानाच्या संकलनात तीच चूक परत येणार आहे.

## ४. आतलं संकलन

आता T घाला. x वर संकलन करताना y ही एखाद्या ठरलेल्या संख्येसारखी वागवायची. तिन्ही पदं वेगवेगळी घ्या, एकत्र कोंबू नका.

पहिलं पद 40: त्याला पट्टीच्या लांबीने गुणायचं, म्हणजे 240 − 60y.

तिसरं पद 3y: x च्या दृष्टीने हेही स्थिरच आहे, म्हणून पुन्हा लांबीने गुणायचं. 3y(6 − 1.5y) म्हणजे 18y − 4.5y². इथे सवयीने 3y चं संकलन 1.5y² करून टाकणारे पुष्कळ भेटतात. आत dx आहे, dy नाही, एवढं पाहिलं की हा घोटाळा टळतो.

दुसरं पद x²: याचं खरं संकलन x³/3, आणि त्यात दोन्ही सीमा घालायच्या:

```
[(6 − y)³ − (y/2)³] / 3
  = [216 − 108y + 18y² − y³ − y³/8] / 3
  = 72 − 36y + 6y² − 0.375y³
```

खालची सीमा y/2 आहे, शून्य नाही. घन करताना 2 चाही घन होतो, म्हणून y³/8. या दोन जागी आकडेमोड सगळ्यात जास्त घसरते.

तिन्ही पदांची बेरीज:

```
312 − 78y + 1.5y² − 0.375y³
```

तपासणी: y = 4 घाला. तिथे त्रिकोणाचं टोक आहे, पट्टीची लांबी शून्य, म्हणून बेरीजही शून्य यायला हवी. 312 − 312 + 24 − 24 = 0. जुळलं.

## ५. बाहेरचं संकलन आणि भागाकार

```
∫ (0 ते 4) = 1248 − 624 + 32 − 24 = 632
```

ही 632 संख्या म्हणजे तापमान नव्हे. तिचं एकक अंश गुणिले चौरस सेंटिमीटर आहे. उत्तराला «632 अंश» लिहून मोकळे होणाऱ्यांनी एककं सोबत लिहिली असती तर भागाकार राहिलाय हे तिथेच कळलं असतं. 12 ने भागा:

```
632 / 12 = 52.67 (अपूर्णांकात 158/3)
```

पत्र्याचं सरासरी तापमान ५२.६७ अंश सेल्सिअस.

## ६. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे किमान आणि कमाल. या पत्र्यावर सगळ्यात थंड जागा O आहे, ४० अंश, आणि सगळ्यात तापलेली A, ७६ अंश. सरासरी यांच्या मधेच असायला हवी. ५२.६७ बसते. बसली नसती तर पुढे काही तपासायची गरजच नव्हती.

याहून कडक तपासणी म्हणजे तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू. ते आहेत (3, 0), (4, 2) आणि (1, 2), आणि तिथली तापमानं ४९, ६२ आणि ४७. बेरीज १५८, तिनाने भागून ५२.६७. तंतोतंत तेच उत्तर, आणि हा योगायोग नाही. फलनात x आणि y ची एकत्र घात दोनपर्यंतच असेल, म्हणजे x², xy, y² इथपर्यंत, तर कुठल्याही त्रिकोणावर बाजूंच्या मध्यबिंदूंची साधी सरासरी ही खरी सरासरीच असते.

मग एवढं संकलन कशाला, असं वाटेल. घात तीनवर गेली की हा नियम तुटतो. याच त्रिकोणावर नुसतं x³ घ्या: खरी सरासरी 32, पण मध्यबिंदूंनी (27 + 64 + 1)/3 म्हणजे 30.67 मिळते. घातांकी किंवा त्रिकोणमितीय फलनांतही तो फक्त अंदाज देतो.

अंदाज सुधारायचा असेल तर बाजूंचे मध्यबिंदू जोडून त्रिकोणाचे चार सारखे तुकडे करा आणि प्रत्येकावर तोच नियम लावा. x³ साठी मग 31.92 येतं, 32 च्या अगदी जवळ. मात्र इथे एक छुपा खड्डा आहे. चार त्रिकोणांच्या मिळून बारा मध्यबिंदूंपैकी आतल्या तीन बाजूंवरचे बिंदू दोन-दोन त्रिकोणांना सामायिक आहेत. म्हणजे वेगळे बिंदू नऊच, पण आतले तीन दोनदा मोजायचे. नऊ बिंदूंची सरळ सरासरी घेतली तर 35.17 येतं, म्हणजे सुधारण्याऐवजी उत्तर आणखी बिघडतं.

## ७. बरोबर दिसणारी चुकीची उत्तरं

आपल्याच पत्र्यावर चार चुकीचे मार्ग चालून पाहू. चारही उत्तरं ४० ते ७६ च्या आतच पडतात, म्हणून किमान-कमाल तपासणी त्यांना पकडत नाही.

कोपऱ्यांची सरासरी. O ला ४०, A ला ७६, B ला ५६, सरासरी ५७.३३. जवळजवळ पाच अंश जास्त. कोपऱ्याच्या टोकापाशी पत्र्याचं क्षेत्रफळ फार थोडं असतं, पण या पद्धतीत A च्या तापलेल्या टोकाला एक तृतीयांश मत मिळतं.

मध्यगासंपात बिंदूवरचं तापमान. तो बिंदू (8/3, 4/3) इथे आहे आणि तिथे ५१.११ अंश. हे दीड अंश कमी, कारण x² वर वाकत जातो आणि दूरच्या जागांची जादा उष्णता मधल्या एका बिंदूला दिसत नाही.

भागांच्या सरासरीची सरासरी. उभ्या पट्ट्या घेऊन x = 2 पाशी त्रिकोण तोडला तर डाव्या भागाचं संकलन 184 येतं, क्षेत्रफळ 4, म्हणून तिथली सरासरी ४६. उजव्या भागाचं 448, क्षेत्रफळ 8, सरासरी ५६. यांची सरळ सरासरी ५१, आणि ती चूक. उजवा भाग दुप्पट मोठा आहे, त्याला दुप्पट वजन द्यायला हवं. सुरक्षित मार्ग असा की भागांच्या सरासऱ्या काढूच नका: संकलनं मिळवा, 184 + 448 = 632, आणि एकदाच 12 ने भागा.

पट्ट्यांच्या सरासरीची सरासरी. ही चूक सगळ्यात फसवी. प्रत्येक आडव्या पट्टीवरची सरासरी काढायची, मग y वरून तिची सरासरी घ्यायची, हे ऐकायला अगदी रीतसर वाटतं. आतल्या संकलनाला पट्टीच्या लांबीने भागलं तर 52 + 0.25y² असं सुटसुटीत रूप मिळतं. 0 ते 4 वर त्याची सरासरी ५३.३३. खऱ्या उत्तरापासून फक्त दोन तृतीयांश अंश दूर, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण टोकाजवळच्या इवल्याशा पट्टीला इथे पायाच्या सहा सेंटिमीटर पट्टीइतकंच वजन मिळालंय. आयतावर हीच पद्धत बरोबर उत्तर देते, कारण तिथे सगळ्या पट्ट्या सारख्या लांब असतात. आयतावर शिकून त्रिकोणावर आलेला विद्यार्थी म्हणूनच इथे अडखळतो.

## ८. संकलन कधी टाळता येतं

तापमान a + bx + cy अशा सरळ रूपात असेल, म्हणजे कुठेही वर्ग किंवा गुणाकार नसेल, तर कोपऱ्यांची सरासरी, मध्यगासंपात बिंदूवरचं तापमान आणि खरी सरासरी तिन्ही एकच असतात. उदाहरणार्थ 40 + 3y याची याच पत्र्यावर सरासरी 40 + 3 × 4/3 = 44. कोपऱ्यांवर ४०, ४० आणि ५२, सरासरी तीच ४४. अशा प्रश्नात संकलन मांडणं म्हणजे फुकटची मेहनत.

कोपऱ्यांच्या सरासरीची सवय लागते ती अशाच सोप्या उदाहरणांमुळे. म्हणून फलन हातात आलं की आधी त्यातल्या घाती पाहा. घात एकच असेल तर कोपरे पुरतात, दोनपर्यंत असेल तर बाजूंचे मध्यबिंदू, आणि त्यापुढे संकलन.

## ९. पत्रा सगळीकडे सारखा जाड नसेल तर

आतापर्यंतची सरासरी क्षेत्रफळावरची आहे. पत्रा तापमान समान होईपर्यंत वेगळा ठेवला तर तो किती अंशावर स्थिरावेल, असा प्रश्न असेल तर ही सरासरी तेव्हाच लागू पडते जेव्हा जाडी, घनता आणि विशिष्ट उष्णता सगळीकडे सारखी असते आणि उष्णता बाहेर जात नाही. जाडी बदलत असेल तर जाड जागेत उष्णता जास्त साठते, तिला वजनही जास्त द्यावं लागतं.

समजा जाडी पायाशी 1 मिलिमीटर आणि टोकाशी 2 मिलिमीटर आहे, म्हणजे h = 1 + y/4. मग भागाकाराच्या अंशात T × h चं संकलन येतं:

```
∬ T·h dA = 632 + (1/4) ∬ y·T dA
         = 632 + 851.2/4 = 844.8
```

छेदात आता 12 चालत नाही, तिथे h चंच संकलन हवं, आणि ते 16 येतं. उत्तर 844.8/16 म्हणजे ५२.८ अंश. अंशात जाडी घालून छेद तसाच ठेवला तर 844.8/12 म्हणजे ७०.४ अंश मिळतात, आणि हाही आकडा ४० ते ७६ च्या आतच आहे.

ही चूक पकडायला एक वेगळी कसोटी लागते: T च्या जागी एकच स्थिर तापमान, समजा ५०, घालून सगळा हिशोब चालवा. सगळा पत्रा ५० अंशांवर असेल तर वजन कसंही असो, सरासरी ५० च यायला हवी. इथे 50 × 16/16 बरोबर ५० देतं, तर 50 × 16/12 चे ६६.६७ अंश होतात.